मार्गदर्शन करावे, ही विनंती

या स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेच्या जुन्या जावक नोंदवह्या चाळण्याचे काम आमच्याकडे आले. इतिहासाचे शिक्षक म्हटल्यावर जुनी कागदपत्रे आपोआप आमच्याच टेबलावर येतात. शाळेने आजवर कोणाकोणाला व्याख्यानासाठी बोलावले याची यादी करावी, एवढीच समितीची अपेक्षा होती. यादी झाली, ती या अंकात अन्यत्र छापली आहे. पण पत्रांच्या स्थळप्रती वाचता वाचता एक गोष्ट आमच्या मनाला लागली आणि तीच येथे मांडत आहोत.

तीसेक वर्षांच्या त्या पत्रांत पाहुणे बदलतात, तारखा बदलतात, मुख्याध्यापकांच्या सह्या बदलतात. एक वाक्य मात्र बदलत नाही: ‘तरी आपण उपस्थित राहून विद्यार्थ्यांना बहुमोल मार्गदर्शन करावे, ही विनंती.’ कोणत्या विषयावर, कोणत्या इयत्तेला, किती वेळ आणि त्यातून मुलांच्या हाती काय पडावे, यांतले काहीही त्या पत्रांत नाही. वकिलांना, कवींना, बँकेच्या अधिकाऱ्यांना, डॉक्टरांना, सर्वांना तेच वाक्य गेले आहे. त्यांतली बरीच पत्रे आमच्याच अक्षरात आहेत, हे आधी कबूल करतो.

अशा पत्राने काय होते, हे आम्ही काही वर्षांपूर्वी जवळून पाहिले. आमच्या पूर्व विदर्भात सिकलसेल हा घरोघरीचा शब्द आहे. शासनाच्या तपासणीत वसतिगृहातील काही मुलामुलींच्या हाती ‘वाहक’ असल्याचे कार्ड आले, काहींच्या हाती ‘रुग्ण’ असल्याचे. त्या सुमारास या आजाराची उत्तम जाण असलेल्या एका डॉक्टरांना आम्ही बोलावले. पत्रात विषय लिहिला होता ‘आरोग्य’, वेळ लिहिली होती सकाळी अकरा. ते अकराला पाच मिनिटे असताना आले. अध्यक्ष पावणेबाराला आले. मग दीपप्रज्वलन, पुष्प अर्पण, वंदना, स्वागतगीत, परिचय, चौदा जणांचे सत्कार, प्रास्ताविक. डॉक्टरांच्या हाती ध्वनिक्षेपक आला तेव्हा एक वाजायला वीस मिनिटे होती आणि एक वाजता भोजनगृहाची घंटा होते. पाचवीपासून दहावीपर्यंतची सारी मुले समोर पाहून त्यांनी सर्वांना पुरेल असे बोलायचे ठरवले असावे. स्वच्छता, आहार, व्यसनमुक्ती यांवर ते बोलले. सिकलसेलचा उल्लेख शेवटच्या तीन-चार मिनिटांत झाला. हा आनुवंशिक आजार आहे, यात रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, तो पूर्ण बरा होणे कठीण असते आणि वाहकांनी लग्नाच्या वेळी काळजी घ्यावी, असे त्यांनी सांगितले. त्यातले एकही वाक्य चूक नव्हते.

पण दुसऱ्या दिवसापासून नववीतील एक मुलगी कबड्डीच्या मैदानावर येईना. तिच्याकडे वाहकाचे कार्ड होते. बरा न होणारा आजार आपल्याला आहे, असे तिने त्या तीन-चार मिनिटांतून समजून घेतले होते. खोलीतील मुलींनी तिची पाण्याची बाटली वेगळी ठेवली. तिच्या आजीने निरोप धाडला की पोरीला धावायला लावू नका. आम्ही डॉक्टरांना दोष देऊ पाहत होतो, तेव्हा आमच्या एका सहकारी बाईंनी विचारले, ‘सर, त्यांना आपण काय सांगायला बोलावलं होतं?’ स्थळप्रत काढली. ‘बहुमोल मार्गदर्शन करावे.’ उत्तर देण्याजोगे आमच्याजवळ काही नव्हते.

निमंत्रणपत्र हा शिष्टाचाराचा कागद आहे, अशी आपली समजूत झाली आहे. आमचे मत असे की तो कामाचा कागद आहे. व्याख्यान कसे होईल, याचा अर्धा निर्णय वक्ता उभा राहण्यापूर्वीच या कागदावर झालेला असतो. आपल्या चळवळीच्या इतिहासात याचे फार मोठे उदाहरण आहे. तेथे या कागदाचे गुण आणि उणिवा दोन्ही दिसतात, म्हणून त्याकडे थोडे वळू.

लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाचे चिटणीस संतराम यांचे पत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 12 डिसेंबर 1935 रोजी मिळाले. वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांनी स्वीकारावे, ही त्यातली विनंती होती. येवल्याच्या घोषणेला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. हा पत्रव्यवहार बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’च्या आरंभी स्वतःच छापला आहे आणि महाराष्ट्र शासनाने 1979 मध्ये काढलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात तो कोणालाही वाचता येतो. पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचले आहे. त्याच्या आधीची ही पत्रे मात्र बहुतेक जण उलटून पुढे जातात.

निमंत्रणपत्र म्हणून संतरामांचे पत्र पाहिले, तर ते आमच्या सगळ्या स्थळप्रतींहून सरस आहे. त्यांनी ‘जातिभेदावर बोला’ असे मोघम लिहिलेले नाही. ज्या धार्मिक कल्पनांवर जातिव्यवस्था उभी आहे त्या नष्ट केल्याविना जात मोडणार नाही, हे बाबासाहेबांचे नवे सूत्र त्यांनी नेमके उचलले आणि त्याचे सविस्तर विवेचन मागितले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे सूत्र आपल्याला अजून पुरते स्पष्ट झालेले नाही, हे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. ज्याला बोलवायचे त्याचेच वाक्य घेऊन ‘हे आम्हाला कळलेले नाही, ते समजावा’ असे सांगणे, याहून चांगला विषय निमंत्रक देऊ शकत नाही. ऐकणारे कोण असतील, हेही पत्रात आहे: पंजाबातील अस्पृश्य समाजाचे निरनिराळ्या मतांचे पुढारी येतील आणि त्यांच्याशी बोलण्याची संधी मिळेल. तारखा आपल्या सोयीने बदलू, असेही आहे. समक्ष बोलणे व्हावे म्हणून नाताळात एका सहकाऱ्याला मुंबईला पाठवत असल्याचे कळवले आहे. या विवेचनाचे पुढे काय करणार, तेही लिहिले आहे: तो विचार वृत्तपत्रांतून आणि व्यासपीठावरून मांडायचा.

मग ते व्याख्यान झाले का नाही? आमच्या मते त्या पत्रात दोन गोष्टी नव्हत्या. भाषण कोठे छापायचे आणि त्याच्या मजकुरावर अधिकार कोणाचा, हे आधी ठरलेले नव्हते. मंडळाला ते लाहोरला छापायचे होते, बाबासाहेबांना मुंबईत. वरवर पाहता हा छपाईखर्चाचा प्रश्न, पण त्यातूनच मजकुराचा प्रश्न पुढे आला. दुसरी उणीव अधिक खोल आहे. कार्यकारी समितीचा आग्रह आहे, असे संतराम लिहितात. पण चिटणिसांनी जे सूत्र उचलले होते ते ऐकून घेण्याची समितीची तयारी होती का, हे त्या पत्रावरून कळत नाही. ती नव्हती, हे पुढे दिसले. विरोध वाढला, ईस्टरला ठरलेली परिषद मेपर्यंत पुढे ढकलली गेली आणि एप्रिल 1936 मध्ये मंडळाचे हरभगवान यांच्याकडून भाषणातील काही भाग गाळण्याची, ‘वेद’ हा शब्द टाळण्याची मागणी आली. बाबासाहेबांनी 27 एप्रिलच्या पत्रात स्वल्पविरामही बदलणार नाही, असे कळवले. परिषद बारगळली. ते भाषण त्यांनी स्वतः छापले आणि पहिल्या आवृत्तीच्या 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या.

आम्हाला या प्रसंगाकडे बंडखोर वक्ता आणि भित्रे निमंत्रक एवढ्याच दृष्टीने पाहणे अपुरे वाटते. संतराम भित्रे नव्हते. त्यांनी विचारलेला प्रश्न खरा होता आणि तो खरा होता म्हणूनच उत्तर इतके प्रखर आले. चूक अशी की प्रश्न एकट्या चिटणिसांचा राहिला, संस्थेचा झाला नाही. पत्र पाठवण्यापूर्वी समितीने तो आपला करून घ्यायला हवा होता.

शाळेच्या सभागृहातील तासाभराच्या व्याख्यानाची लाहोरशी तुलना करणे कोणाला अतिशयोक्त वाटेल. मोठेपणात तुलना नाहीच. पण कागद तोच आहे आणि त्यात राहून जाणाऱ्या गोष्टीही त्याच आहेत. त्या कबड्डीच्या मुलीमुळे पुढच्या वर्षी आम्ही त्याच डॉक्टरांना पुन्हा बोलावायचे ठरवले, तेव्हा पत्र लिहायला आम्हाला तीन आठवडे लागले.

पहिला आठवडा मुलांना विचारण्यात गेला. नववी-दहावीच्या वर्गांत कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहायचे नाही, सिकलसेलविषयी जे विचारावेसे वाटते ते लिहायचे. चिठ्ठ्या वाचल्यावर कळले की आम्हाला जे ‘आरोग्य’ वाटत होते तो मुलांचा प्रश्नच नव्हता. ‘वाहकाचा पुढे रुग्ण होतो का?’ हा प्रश्न निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांत वेगवेगळ्या शब्दांत होता. ‘एकत्र जेवल्याने होतो का?’, ‘आईला नाही, बाबांना नाही, मग भावाला कसा?’, ‘पोलीस भरतीत घेतात का?’ आणि एका चिठ्ठीत, ‘आमचं लग्न होईल का?’

दुसऱ्या आठवड्यात शिक्षक, अधीक्षक आणि संस्थेचे दोन पदाधिकारी एकत्र बसलो. व्याख्यानानंतर मुलाला काय सांगता आले पाहिजे, ते तीन वाक्यांत लिहायचे, एवढेच काम होते. दोन तास लागले. ‘जागृती व्हावी’, ‘दृष्टिकोन मिळावा’ अशी वाक्ये प्रथम आली. ती आम्ही एका कसोटीवर खोडली: दुसऱ्या दिवशी मुलाला प्रश्न विचारून हे तपासता येईल का? जागृती झाली की नाही, हे विचारता येत नाही. वाहक आणि रुग्ण यांतला फरक विचारता येतो. पदाधिकाऱ्यांपैकी एकांचा आग्रह होता की वाहकांनी वाहकांशी लग्न करू नये, हे ठासून सांगायला सांगावे. ते वाक्य तिसरे म्हणून राहिले. त्याचे पुढे काय झाले, ते सांगतोच.

तिसऱ्या आठवड्यात पत्र गेले. ते कार्यक्रमाच्या सहा आठवडे आधी गेले, कारण रुग्णालयातील माणसाला रजा आणि पाळी जुळवायला तेवढा अवधी लागतो. माजी विद्यार्थी आपापल्या गावी, विहारांत, जयंती मंडळांत व्याख्याने ठरवत असतात. त्यांना उपयोगी पडेल म्हणून ते पत्र नाव-पत्ता वगळून येथे देत आहोत.

‘सविनय जयभीम. गतवर्षी आपण आमच्या शाळेत आलात. आम्ही आपल्याला विषय नीट कळवला नव्हता आणि वेळही राखला नाही, याबद्दल दिलगीर आहोत. या वर्षी पुन्हा येण्याची विनंती करीत आहोत. विषय असा आहे: सिकलसेलचा वाहक कोण, रुग्ण कोण आणि हा आजार एका पिढीतून दुसरीत कसा जातो.

‘ऐकणारे इयत्ता नववी व दहावीचे सुमारे 120 विद्यार्थी असतील. मुली निम्म्याहून थोड्या कमी आहेत. विज्ञानाच्या पुस्तकातील आनुवंशिकतेचा धडा त्यांना शिकवून झाला आहे, परंतु त्याचा आपल्या कार्डाशी काय संबंध, हे बहुतेकांना उमगलेले नाही. समोर बसलेल्यांत काही वाहक व काही रुग्ण आहेत. कोणाकोणाकडे कार्ड आहे, असे सर्वांदेखत विचारू नये, ही नम्र सूचना. मुले घरी झाडीबोली बोलतात. मराठीतून, वैद्यकीय शब्द शक्य तितके टाळून बोलावे. त्यांनी लिहिलेल्या प्रश्नांची प्रत सोबत जोडली आहे.

‘वेळ शनिवारी दुपारी 3 ते 4.15. स्वागत पाच मिनिटांत उरकू. सत्कार, भाषणे नाहीत. 3.05 ते 3.40 आपले बोलणे आणि उरलेला वेळ प्रश्नोत्तरांना. प्रश्न चिठ्ठ्यांवर घेतले जातील व आमच्या शिक्षिका ते वाचून दाखवतील. दुपारी विजेचा भरवसा नसतो, म्हणून पडद्यावर चित्रे दाखवण्यावर अवलंबून राहू नये. मोठा फळा, रंगीत खडू आणि मण्यांच्या दोन पेट्या तयार ठेवू.

‘व्याख्यानानंतर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी स्वतःच्या शब्दांत सांगता याव्यात, अशी आमची अपेक्षा आहे. एक, वाहक हा रुग्ण नसतो आणि पुढे रुग्ण होत नाही. दोन, आईवडील दोघेही वाहक असल्यास त्यांच्या अपत्यांबाबत काय संभवते. तीन, वाहकाने वाहकाशी विवाह करू नये. यांत काही चुकीचे किंवा अपुरे असल्यास कृपया दुरुस्त करावे. विषयाला धरून जे सांगणे आपल्याला आवश्यक वाटेल ते अवश्य सांगावे, त्यास आमच्या संमतीची अट नाही. रुग्णालयापासून नेण्या-आणण्याची व्यवस्था शाळेची राहील. प्रवासखर्च व अल्प मानधन त्याच दिवशी देऊ. आठ दिवसांनी आम्ही दूरध्वनी करू.’

विषय, श्रोते, वेळ, अपेक्षा हे चारही पत्रात आहे. पण त्यांना जिवंत करणाऱ्या दोन ओळी वेगळ्याच आहेत, असे आम्हाला आता वाटते: चुकीचे असल्यास दुरुस्त करावे, ही एक, आणि संमतीची अट नाही, ही दुसरी. या ओळी आम्ही लाहोरकडून शिकलो. दुसऱ्या ओळीवर आमच्या बैठकीत बराच वाद झाला. ‘उद्या ते काहीही बोलतील’, असे एकजण म्हणाले. मग बोलवू नका, असे आम्ही म्हणालो. ज्याचे ज्ञान आपल्यापाशी नाही म्हणून त्याला बोलवायचे, त्याने आपल्या माहितीपलीकडे जाऊ नये, अशी अट घालता येत नाही.

आठ दिवसांनी दूरध्वनी केला तेव्हा डॉक्टरांसमोर पत्र आणि चिठ्ठ्या होत्या. ‘पहिलं वाक्य बरोबर आहे, तेवढंच ऐकून मुलं झोपली तरी चालेल’, असे ते हसत म्हणाले. वाहकाने चारचौघांसारखे खेळावे, धावावे. फक्त उन्हात फार कष्ट करताना पाणी भरपूर प्यावे आणि हे तर सर्वांनीच करावे, एवढी भर त्यांनी घातली. दुसऱ्या वाक्यात ‘प्रत्येक गरोदरपणात’ हे शब्द घाला, असे त्यांनी सुचवले. लोक चारातला एक म्हणजे चार मुलांपैकी एक असा हिशेब करतात. पहिले मूल रुग्ण निघाले की पुढची तीन सुटली, असे समजतात. घरेच्या घरे या हिशेबाने फसली आहेत.

तिसऱ्या वाक्यावर ते थांबले. ‘सर, हे मी सांगणार नाही,’ असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मनाई सांगितली की लोक कार्ड लपवतात, हा त्यांचा अनुभव. मुलीचे कार्ड तर आधी लपते. त्यांना सांगायचे होते ते असे: लग्न ठरवताना दोघांनी कार्ड पाहावे. दोघे वाहक असतील तर धोका समजून घेऊन निर्णय त्यांनी घ्यावा. लग्न झालेलेच असेल, तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच रुग्णालयात जावे, गर्भाची तपासणी करता येते. आम्ही ते वाक्य बदलले. ज्या पदाधिकाऱ्यांचा आग्रह होता त्यांना आम्ही स्वतः जाऊन सांगितले. ते दोन दिवस रुसले, आणि व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसले.

कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी पुन्हा एक छोटे पत्र धाडले. त्यात दुरुस्त झालेली तीन वाक्ये आणि गाडीची वेळ एवढेच होते.

ते पस्तीस मिनिटांचे व्याख्यान आम्हाला अजून डोळ्यांसमोर दिसते. डॉक्टरांनी एका मुलाला व एका मुलीला पुढे बोलावले आणि ‘हे नाटकातले आईवडील’ असे सांगून प्रत्येकाच्या पेटीत एक लाल आणि एक पांढरा मणी टाकला. लाल मणी म्हणजे आजाराचा अंश. दोघांनी न पाहता आपापल्या पेटीतून एकेक मणी काढायचा आणि जोडी फळ्यावर लिहायची. मणी परत पेटीत. असे वीस वेळा केले. दोन्ही लाल म्हणजे रुग्ण, एक लाल म्हणजे वाहक, दोन्ही पांढरे म्हणजे त्यातून मुक्त. सलग दोनदा दोन्ही लाल आले तेव्हा सभागृहात कुजबुज झाली. ‘पहिल्या वेळी काय निघालं, ते पेटीला आठवतं का?’ असे त्यांनी विचारले. आनुवंशिकतेचा धडा आमच्या विज्ञानाच्या सरांनीही पूर्वी शिकवला होता, पण मुलांना तो त्या क्षणी कळला. मग त्यांनी एका पेटीतला लाल मणी काढून तेथे पांढरा टाकला, म्हणजे आईवडिलांपैकी एकच वाहक राहिला, आणि पुन्हा मणी काढायला लावले. दोन्ही लाल एकदाही आले नाहीत. येणे शक्यच नव्हते. कारण कोणीतरी न विचारता मोठ्याने सांगितले.

चिठ्ठीवरच्या ‘आमचं लग्न होईल का?’ या प्रश्नाला त्यांनी सर्वांत जास्त वेळ दिला. त्याचे उत्तर येथे लिहीत नाही, ते त्या मुलांचे आहे.

सोमवारी वर्गात तीन प्रश्न दिले. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे जवळपास सर्वांनी नीट लिहिले. ‘प्रत्येक गरोदरपणात’ हा भाग बऱ्याच जणांनी पुन्हा चार मुलांच्या हिशेबात लिहिला. म्हणून मण्यांच्या पेट्या विज्ञानाच्या सरांनी ठेवून घेतल्या आणि आणखी दोन तास त्यावर घालवले. अपेक्षा तीन वाक्यांत लिहिलेली नसती, तर काय पोहोचले आणि काय राहिले, हे आम्हाला कळलेच नसते. आपण नेहमीप्रमाणे ‘कार्यक्रम यशस्वी झाला’ असे इतिवृत्तात लिहून मोकळे झालो असतो.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. पालकांना त्याच व्याख्यानाला बसवावे, असा आमचा मूळ बेत होता, कारण पाहुणे पुन्हा पुन्हा मिळत नाहीत. डॉक्टरांनीच तो मोडला. आजी समोर बसली असताना नात चिठ्ठी लिहिणार नाही, हे त्यांना आमच्याआधी कळले. पालकांसाठी महिन्याच्या भेटीच्या रविवारी वेगळी वेळ ठरली. त्यासाठी वेगळे पत्र लिहावे लागले, कारण ऐकणारे बदलले की बाकी सारे बदलते. रुग्ण मुलांच्या पालकांना मणी नको होते. ताप किंवा सांध्यांत तीव्र वेदना आल्यावर किती लवकर दवाखाना गाठावा, गोळ्या रोज का द्याव्या, पोराला पाणी पाजायचे म्हणजे किती, हे त्यांना हवे होते. एकाच पत्रावर दोन्ही सभा उरकण्याचा मोह आम्हाला झाला होता, हे लपवत नाही. ती नववीतली मुलगी तोवर दहावीत गेली होती. तिच्या आजीला त्या रविवारी डॉक्टरांनी काय सांगितले ते आम्ही ऐकले नाही, पण पुढच्या आठवड्यात ती मैदानावर होती.

त्यानंतर आमच्या शाळेतून ‘बहुमोल मार्गदर्शन’ हे शब्द असलेले एकही पत्र गेलेले नाही. पत्रे मात्र कमी गेली आहेत. पूर्वी वर्षाला दहा-बारा पाहुणे येत, आता चार-पाच येतात. काही जुन्या हितचिंतकांना हे आवडलेले नाही. इतके पाहुणे येत होते म्हणून शाळेचे नाव होते, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पाहुण्यांमुळे संस्थेला ओळखी मिळतात आणि त्या ओळखींवर काही मुलांची पुढची शिक्षणे झाली आहेत. पण त्यासाठी मुलांना दोन तास सतरंजीवर बसवण्याची गरज नाही. तो सत्कार कार्यालयात चहाबरोबर होऊ शकतो.

सध्या एक पत्र आमच्या खणात पडून आहे. जात पडताळणीच्या कामातील एका जाणकार वकिलांना बारावीच्या पालकांसाठी बोलवायचे आहे. बौद्ध कुटुंबांच्या कागदपत्रांत आजोबांच्या दाखल्यावर एक नोंद आणि नातवाच्या दाखल्यावर दुसरी, ही अडचण दर वर्षी प्रवेशाच्या तोंडावर येते. विषय ठरला, श्रोते ठरले, रविवारचा दीड तासही ठरला. अपेक्षेच्या वाक्यावर गाडी अडली आहे. काही सहकाऱ्यांनी लिहिले आहे, ‘प्रत्येक पालकाला आपल्या कागदपत्रांत काय कमी आहे ते कळावे.’ बैठकीत एका पालकाने विचारले की साठ घरांच्या पिशव्या उघडून दीड तासात हे कळणार कसे? त्यांचे बरोबर आहे. हे वाक्य खरे हवे असेल, तर व्याख्यान नको, दोन दिवसांचे शिबिर हवे आणि एकाऐवजी चार जाणकार हवेत. व्याख्यानच हवे असेल, तर वाक्य लहान करावे लागेल. पुढच्या बैठकीपर्यंत पत्र खणातच राहील.